वेर्ण्याला डग्गा ऐकू आला पाहिजे: गाडीतला स्पीड व्हॉल्यूम आणि लाउडनेस हायवेसाठी कसे लावावेत

म्हापशाहून सकाळी निघताना गाडीत अभंग लावलेला असतो. गिरीपर्यंत गाडी रमतगमत चालते, तोवर तबल्याचा डग्गा छान घुमत असतो. पर्वरी, मांडवीचा पूल, बांबोळी असे करत वेग वाढतो आणि डग्ग्याची ती घुमार हळूहळू विरून जाते. उरतो तो फक्त दायांचा चट-चट आवाज आणि गायकाचा वरचा सूर. मी नॉब फिरवून आवाज वाढवतो. पुढे आगशीला गर्दीमुळे गाडी हळू झाली की तोच गायक कानाशी ओरडायला लागतो, म्हणून पुन्हा आवाज कमी. झुआरीचा पूल लागला की परत वाढव. वेर्ण्याला कामावर पोहोचेपर्यंत हात सात-आठ वेळा नॉबकडे गेलेला असतो, आणि त्यातल्या प्रत्येक वेळी नजर रस्त्यावरून थोडी तरी हललेली असते.

हा नॉबचा खेळ थांबवण्यासाठी बहुतेक नव्या गाड्यांत एक सोय असते. वेगाप्रमाणे आवाज आपोआप वाढवणारी आणि कमी करणारी. होंडाच्या स्क्रीनवर ती `SVC` नावाने दिसते, टोयोटात `ASL`, निसानमध्ये `Speed Sensitive Vol.` आणि माझदात `ALC`. काम सगळ्यांचे एकच. त्याच मेनूत आसपास `Loudness` नावाचे दुसरे बटण असते. बरेच लोक दोन्ही चालू करून मोकळे होतात आणि मग हायवेवर आवाज फाटतो किंवा बोचतो. ही दोन बटणे दोन वेगळ्या दुखण्यांवरची औषधे आहेत आणि एकत्र दिली तर एकमेकांच्या कामाआड येतात. कोणते कुठे लावायचे, ते माझ्याच गाडीवरून आणि माझ्याच रस्त्यावरून सांगतो.

दोन दुखणी

पहिले दुखणे कानाचे आहे. हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज नीट ऐकू येत नाही. 1933 साली अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी हे मोजून दाखवले. आजच्या प्रमाणित आलेखांनुसार 1000 हर्ट्झचा सूर 40 डेसिबलला जेवढा मोठा वाटतो, तेवढाच मोठा वाटण्यासाठी 100 हर्ट्झच्या सुराला सुमारे 64 डेसिबल लागतात. म्हणजे 24 डेसिबल जास्त. आवाज मोठा केला की ही दरी अरुंद होते. 80 डेसिबलला ती सुमारे 12 वर येते. लाउडनेसचे बटण ही दरी बुजवते. आवाज हळू असताना खर्ज, आणि काही स्टिरिओंत थोडा वरचा सूरही, उचलून देते. नॉब वाढवाल तसतशी ही भर ओसरायला हवी.

दुसरे दुखणे रस्त्याचे. धावत्या गाडीच्या आतला गोंगाट सगळ्या सुरांत सारखा पसरलेला नसतो. टायरची घरघर पत्र्यातून आत येते आणि तिचा बहुतेक जोर तीनशे-चारशे हर्ट्झच्या खालीच असतो. टायरच्या पोकळीतल्या हवेचाही दोनशे हर्ट्झच्या आसपास स्वतःचा एक हुंकार असतो. खडबडीत डांबरावर तो लगेच ओळखू येतो. डग्ग्याचा मूळ नाद शंभर हर्ट्झच्या आसपासचा, पखवाजाच्या धुमेचाही तिथेच कुठेतरी. ही घरघर नेमकी त्यांनाच झाकून टाकते. गायकाची व्यंजने आणि दायांची चाट दोन-तीन हजार हर्ट्झला असते, तिथे गोंगाट कमी, म्हणून ती टिकून राहतात.

आता गोम लक्षात येईल. हायवेवर आपण सगळा आवाज सरसकट वाढवतो, पण हरवलेला असतो फक्त तळ. तळ ऐकू येईपर्यंत नॉब फिरवला की आधीच ऐकू येणारा वरचा सूर कानात घुसतो. तास-दीड तासाने डोके जड होते ते यामुळेच. आणि लाउडनेस? तो तर आवाज वाढला की खर्ज काढून घेतो. म्हणजे रस्ता खर्ज गिळायला लागतो, त्याच वेळी हे बटणही हात आखडता घेते.

म्हणून माझा क्रम असा आहे: हायवेसाठी आधी लाउडनेस बंद, मग खर्जाची थोडी कायमची भर, आणि शेवटी `SVC`. क्रम उलटा केलात तर आधी लावलेले सगळे पुन्हा लावावे लागते.

रस्त्यावर निघण्याआधी

हे काम एकट्याने करू नका. मेनू हाताळणारा माणूस बाजूच्या सीटवर हवाच. माझ्याबरोबर भाचा होता. चालवणाऱ्याने फक्त ऐकायचे आणि "वाढव", "पुरे" एवढेच बोलायचे.

फोन ब्लूटूथने जोडला असेल तर फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा आणि तो तसाच राहू द्या. फोन निम्म्यावर असेल तर स्टिरिओचा नॉब भलताच वर न्यावा लागतो आणि पुढची सगळी मोजणी चुकते. फोनमधला बेस बूस्टर, म्युझिक ॲपमधला इक्वलायझर, स्टिरिओतले `Rock`, `Pop` यांसारखे तयार साचे, सगळे बंद करा. बेस आणि ट्रेबल शून्यावर आणा. एफएम आणि ब्लूटूथ यांच्या आवाजात मोठा फरक वाटत असेल तर बऱ्याच स्टिरिओंत प्रत्येक सोर्सची पातळी वेगळी लावता येते, ती आधीच जुळवून घ्या.

फोनमध्ये दोन गोष्टी लागतील. आवाज मोजायचे एखादे साधे ॲप आणि पिंक नॉइजची फाइल. पिंक नॉइज म्हणजे सगळ्या सुरांत पसरलेला एकसारखा खळखळाट, दूधसागरासमोर उभे राहिल्यावर येतो तसा. गाण्यात चढउतार असतात, त्यामुळे स्टिरिओने आवाज किती वाढवला ते गाण्यावरून कळत नाही, या खळखळाटावरून कळते. फोनचा आकडा खरा डेसिबल मानू नका, कारण फोनचा माइक खर्ज कमी पकडतो. दोन आकड्यांमधला फरक मात्र कामाला येतो. फोन दर वेळी एकाच जागी, चालकाच्या डोक्याजवळ धरा. खिडक्या बंद आणि एसीचा पंखा एकाच नंबरवर.

टायरमधली हवाही तपासून घ्या. हवा जास्त भरलेली असेल किंवा टायर वेडावाकडा झिजला असेल तर त्या घरघरीवर कुठल्याही सेटिंगने मात होत नाही.

स्टिरिओला वेग कळतो का?

हा प्रश्न कंपनीच्या स्टिरिओत सहसा येत नाही. बाहेरून बसवलेल्या स्टिरिओत हमखास येतो आणि मी त्यात पुरता फसलो होतो. एका दुकानात मोठ्या स्क्रीनचा अँड्रॉइड स्टिरिओ बसवून घेतला. मेनूत स्पीड व्हॉल्यूम होता, मी तो मधल्या पातळीवर ठेवला आणि कित्येक महिने "या गाडीत याचा काही उपयोग नाही" असे मानून चाललो. नंतर स्टिरिओ बाहेर काढला तेव्हा दिसले की गाडीच्या वेगाची वायर टेप गुंडाळून तशीच मागे सोडून दिली होती. स्टिरिओच्या दृष्टीने माझी गाडी त्या सगळ्या महिन्यांत जागेवरून हललीच नव्हती.

स्टिरिओला वेग तीन वाटांनी कळतो. एक, वेगाच्या स्पंदनांची स्वतंत्र वायर. जुन्या पद्धतीच्या आयएसओ जोडणीत काळ्या प्लगच्या पहिल्या पिनवर तिची जागा ठरलेली आहे. दोन, गाडीच्या डेटा वायरवरून एखाद्या ॲडॉप्टरमार्फत. तीन, जीपीएसवरून. जीपीएसवाल्यात आवाज वेगाच्या थोडा मागून येतो आणि छताखालच्या पार्किंगमधून बाहेर पडताना काही वेळ तो काहीच करत नाही. वायर जोडायची असेल तर स्पीडोमीटरकडे जाणारी वेगाची वायर गाडीच्या आकृतीवरून नक्की करून घ्या. चाकाजवळच्या एबीएस सेन्सरची वायर कोणालाही छेडू देऊ नका. तिथे जोड दिला तर एबीएसचा दिवा लागू शकतो आणि ब्रेकच्या यंत्रणेशी खेळ होतो.

वेग कळतो की नाही, याची परीक्षा सोपी आहे. `SVC` सगळ्यात वरच्या पातळीवर ठेवा, पिंक नॉइज मध्यम आवाजात लावा आणि साधारण 60 च्या वेगाने थोडे अंतर जा. मग सुरक्षित जागा पाहून बाजूला थांबा. गाडी थांबता थांबता रस्त्याचा गोंगाट आधी जातो, आणि त्या शांततेत खळखळाट हळूहळू खाली बसताना स्पष्ट ऐकू येतो. बसला तर यंत्रणा चालू आहे. जराही हलला नाही तर वेग पोहोचत नाही, पुढचे काही करण्याआधी वायर बघा. स्क्रीनवरच्या व्हॉल्यूमच्या आकड्याकडे पाहून निष्कर्ष काढू नका. बहुतेक स्टिरिओंत `SVC` आतल्या आत काम करतो आणि आकडा होता तिथेच राहतो.

लाउडनेस खरा की नावापुरता?

गाडी उभी, इंजिन चालू. नॉब अगदी खाली, चाळीसपैकी आठवर. ओळखीचे, डग्गा किंवा बेस गिटार असलेले गाणे लावा आणि भाच्याला लाउडनेस चालू-बंद करायला सांगा. फरक ठळक हवा. आता नॉब 22 वर न्या आणि पुन्हा तेच करा. फरक जवळजवळ नाहीसा झाला तर तुमचा लाउडनेस खरा आहे, आवाजाबरोबर बदलणारा. दोन्हीकडे फरक सारखाच असेल तर तो नावाचाच लाउडनेस. आत फक्त बेस-ट्रेबलची ठरावीक भर बसवलेली आहे. स्वस्त स्टिरिओंत हा दुसरा प्रकार बराच आढळतो. तो असेल तर त्याला कायमचा रामराम करा, तेच काम बेसच्या सेटिंगने जास्त ताब्यात राहून करता येते.

खरा लाउडनेस असला तरी एक प्रश्न उरतो: तो कुठला आवाज पाहून खर्ज ठरवतो? नॉबचा आकडा पाहून, की `SVC` ची भर धरून प्रत्यक्ष बाहेर पडणारा आवाज पाहून? हे माहितीपुस्तकात क्वचितच लिहिलेले असते, पण रस्त्यावर कळते. नॉब आठवर, `SVC` वरच्या पातळीवर, वेग 70, आणि बाजूच्या माणसाने लाउडनेस चालू-बंद करायचा. उभ्या गाडीतल्याइतकाच जोरकस फरक ऐकू आला तर लाउडनेस नॉबला बांधलेला आहे, `SVC` त्याच्या नंतर भर घालतो. फरक बारीक झाला तर तो प्रत्यक्ष आवाजाबरोबर चालतो. पहिल्या प्रकारात हायवेवर खर्जाचा ढीग होतो, दुसऱ्यात खर्ज पळतो. दोन्हींचा तोटा वेगळा, उपाय एकच: हायवेवर बंद.

आता प्रत्यक्ष लावणे

माझी गाडी छोटी हॅचबॅक आहे, स्पीकर कंपनीचेच, चार दारांत चार. वेर्ण्याच्या पठारावर रस्ता सरळ आहे म्हणून रविवारी सकाळी, वाहतूक विरळ असताना तिथे गेलो. जिथे वेगाची परवानगी आहे तिथे 70 ठेवला. त्यापेक्षा जास्त वेगाची या कामाला गरजच नाही.

आधी गाणे बंद करून नुसता गोंगाट मोजला. एसीचा पंखा दोनवर ठेवून गाडी उभी असताना फोनने 50 दाखवले. वेग 35 झाला तेव्हा 56, आणि 70 ला 65. वेग दुप्पट झाला की टायरचा आवाज सुमारे नऊ डेसिबलने वाढतो असा अंदाज या क्षेत्रात धरतात. 56 चे 65, बरोबर तेवढेच. शंभरच्या पुढे वाऱ्याचा आवाज याहून कितीतरी भराभर चढतो, तो भाग वेगळा.

मग `SVC` बंद, लाउडनेस बंद, बेस शून्य. उभ्या गाडीत गाणे सुखाने ऐकू येत होते तेव्हा नॉब 14 वर होता. 70 च्या वेगात मी "पुरे" म्हणालो तेव्हा भाच्याने आकडा वाचला: 22. डग्गा ऐकू येत होता, पण गायकाचा तार षड्ज बोचत होता.

आता बेस. तीन पट्ट्यांचा साधा इक्वलायझर असेल तर बेस दोन किंवा तीन पायऱ्या वाढवा. जास्त पट्ट्या असतील तर 80 ते 125 हर्ट्झची पट्टी तीन डेसिबलने वर न्या. त्याखालच्या 40 किंवा 50 च्या पट्टीला हात लावू नका. दाराच्या छोट्या स्पीकरमधून तेवढा खोल खर्ज येतच नाही. स्पीकरचा पडदा मात्र लांब लांब हलतो, दाराचा पत्रा थडथडतो आणि ॲम्प्लिफायरची ताकद फुकट जाते. ट्रेबल तसाच राहू द्या. मी बेस तीनवर नेला आणि पुन्हा 70 च्या वेगात "कमी कर, अजून एक, पुरे" असे करत थांबलो, तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, आता वीसच आहे." डग्गा तेवढाच, गायक दोन पायऱ्यांनी मागे सरकलेला. पूर्ण कामातला सगळ्यात मोठा फायदा मला या एका बदलाने झाला.

म्हणजे उभ्या गाडीत 14 आणि हायवेवर 20. सहा पायऱ्यांचे हे अंतर `SVC` ने भरून काढायचे. पायऱ्या म्हणजे किती डेसिबल, ते गाडी बाजूला लावून पिंक नॉइजवर पाहिले. 14 वर फोन 64 दाखवत होता, 20 वर 73. सहा पायऱ्यांना नऊ डेसिबल. एक गोष्ट इथे नीट बघा. उभ्या गाडीपासून 70 पर्यंत गोंगाट पंधराने वाढला, पण मला गाणे नऊनेच वाढवावेसे वाटले. गाणे आधीच गोंगाटाच्या बरेच वर होते, त्याला तेवढेच अंतर राखायची गरज नसते. `SVC` गोंगाटाइतका वाढला पाहिजे असे समजून लोक थेट वरची पातळी निवडतात, आणि मग आवाज नकोसा होतो.

शेवटी नॉब 14 वर ठेवून `SVC` ची एकेक पातळी घेतली. `Low` वर 70 च्या वेगात मला नॉब 17 पर्यंत न्यावासा वाटला. म्हणजे `Low` ने तीन पायऱ्यांचे काम केले, तीन बाकी राहिल्या. `Mid` वर 15 ला समाधान झाले. `High` वर उलट 13 पर्यंत खाली यावेसे वाटले. मी `Mid` ठेवला. एका पायरीची उणीव ठेवणेच बरे, कारण चुकायचे तर कमी भरपाईकडे चुकावे. कमी पडले तर गाणे थोडे मागे जाते, जास्त झाले तर कान दुखतात आणि मागचा हॉर्न ऐकू येत नाही.

यानंतर परतीच्या वाटेवर दोन जागा तपासा. पहिली, 35 ते 45 चा वेग. काही गाड्यांत `SVC` इथेच घाई करतो आणि गावातून जाताना आवाज उगाच मोठा राहतो. तसे झाले तर एक पातळी खाली या, हायवेवर एखादी पायरी हाताने वाढवलेली परवडते. दुसरी, वेग झपकन उतरतो ती जागा. मला कुठ्ठाळीकडे उतरताना ती मिळाली. बहुतेक यंत्रणा आवाज मुद्दाम थोडा सावकाश खाली आणतात, नाहीतर प्रत्येक ब्रेकला गाणे हिंदकळेल. दोन-चार सेकंदांची ही रेंगाळ दोष मानू नका.

पातळी योग्य आहे का, याची माझी शेवटची कसोटी कानाचीच आहे. 70 च्या वेगात, गाणे चालू असताना, बाजूच्या माणसाचे नेहमीपेक्षा जरा मोठ्याने बोललेले वाक्य पुन्हा न विचारता कळले पाहिजे. ते कळत नसेल तर रुग्णवाहिकेचा सायरनही उशिरा कळेल. मूळ नॉबच एक-दोन पायऱ्या खाली घ्या, बाकी काही बदलू नका.

आवाज फाटतो तेव्हा

दोन्ही बटणे चालू ठेवल्यावर काय होते, त्याचा हिशेब एकदा मांडतो. खोक्यावर प्रत्येक चॅनेलला 50 वॉट लिहिलेले असले तरी साध्या स्टिरिओची स्वच्छ, सलग ताकद पंधरा-वीस वॉटच्या आसपास असते. समजा गावात, हळू आवाजात, डग्ग्याच्या एका थापेला अर्धा वॉट लागतो. बेस तीन डेसिबलने वाढवला, की ताकद दुप्पट: एक वॉट. हायवेवर `SVC` ने साडेसात डेसिबल घातले, म्हणजे साडेपाच पटींहून थोडे जास्त: साडेपाच वॉट. इथपर्यंत आरामात निभावते. आता नॉबला बांधलेला लाउडनेस आणखी सहा डेसिबल खर्ज देतो. सहा डेसिबल म्हणजे चौपट: बावीस वॉट. ॲम्प्लिफायरकडे तेवढे नसतातच, म्हणून थापेचा माथा छाटला जातो आणि आवाज फाटतो.

ओळखायचे कसे? गावात गाणे स्वच्छ, 60-70 च्या वेगात मात्र प्रत्येक थापेबरोबर गायकाचा आवाज क्षणभर खरखरतो किंवा दबतो. स्पीकर खराब झाला असे वाटून लोक तो बदलायला निघतात. त्याआधी लाउडनेस बंद करून त्याच वेगात तेच गाणे ऐका. खरखर गेली तर स्पीकर ठीक आहे. राहिली तर बेस एक पायरी कमी करून पाहा, आणि गावात, हळू आवाजातही खरखरत असेल तरच स्पीकर उघडा.

जे वेगावरून कळत नाही

वेगावर चालणाऱ्या यंत्रणेला फक्त वेग कळतो. आपल्याकडच्या पावसात हे फार जाणवते. जूनमध्ये टपावर सरी कोसळत असतात, काचेवरची वाफ घालवायला पंखा चारवर असतो, आणि गाडी जेमतेम 40 ने चाललेली असते. आतला गोंगाट कोरड्या दिवशीच्या 70 पेक्षाही जास्त, पण `SVC` ला वाटते आपण सावकाश चाललो आहोत. उघडी खिडकी, खडीचा रस्ता, यांचेही तसेच. माइक लावून आतला गोंगाट प्रत्यक्ष ऐकणाऱ्या यंत्रणा आहेत, बोसची ऑडिओपायलट त्यातली एक. तुमच्या गाडीत तसे काही असेल तर पावसाचा प्रश्न बराच सुटतो. नसेल तर पावसात नॉब हाताने एक-दोन पायऱ्या वाढवा आणि सर थांबली की परत आणा. पावसाळ्यासाठी म्हणून `SVC` वरच्या पातळीवर ठेवू नका. पाऊस थांबून रस्ता मोकळा झाला की ती भर अंगावर येते.

गाण्याचाही प्रश्न आहे. `SVC` सगळ्या गाण्याला सारखाच उचलतो. हल्लीच्या चित्रपटगीतांत हळू आणि मोठ्या जागांतले अंतर आधीच कमी केलेले असते, ती हायवेवर निभावतात. मैफलीच्या ध्वनिमुद्रणातला संथ आलाप मात्र घरघरीखाली बुडतो, आणि तो ऐकू येईल एवढा आवाज ठेवला तर द्रुत बंदिशीला कानठळ्या बसतात. अशी मैफल मी आता हायवेवर लावत नाही, घरी ऐकतो. ज्यांच्या स्टिरिओत हे अंतर दाबण्याची सोय आहे त्यांनी ती फक्त अशा वेळी वापरावी.

लाउडनेस माझ्या गाडीत एकाच वेळी चालू होतो. रात्री उशिरा गावातून जाताना, आई मागे झोपलेली असताना, नॉब सहा-सातवर असतो. तेव्हा बेसच्या तीन पायऱ्याही अपुऱ्या पडतात आणि लाउडनेसमुळे पखवाज पुन्हा भरीव वाटतो. सकाळी निघण्याआधी तो बंद करतो.

बॅटरीची वायर काढली की काही स्टिरिओंतली सगळी सेटिंग पुसली जातात. सर्व्हिसिंगहून गाडी आल्यावर आवाज वेगळा वाटतो तो बऱ्याचदा यामुळे. म्हणून भाच्याने त्याच रविवारी एक चिठ्ठी लिहून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली: फोन पूर्ण, लाउडनेस बंद, बेस 3, ट्रेबल 0, `SVC` `Mid`, गावात 14.